पाकिटात सापडलेल्या नंबरावर फोन करताना काय सांगावं, काय राखून ठेवावं

प्रश्न: "काल संध्याकाळी कोल्हापूर–पुणे एसटीत सीटखाली पाकीट सापडलं. गर्दीत कंडक्टरकडे द्यायचं राहिलं, घरी घेऊन आलो. आत रोख रक्कम, एटीएम कार्ड, आधार कार्ड आणि वहीच्या कागदावर पेनने लिहिलेला एक मोबाइल नंबर आहे. सकाळी त्यावर फोन केला तर एका बाईंनी 'असले फोन रोज येतात' म्हणून कट केला. आता उचलतच नाहीत. अशा वेळी नेमकं बोलायचं काय असतं?"

त्या बाईंचा राग मानू नका. त्यांनी केलं ते शहाणपणाचंच आहे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडीत राहिलेल्या पिशव्या, डबे, छत्र्या, पाकिटं वाहक आमच्याकडे आणून द्यायचे आणि मालकाला फोन लावायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. सुरुवातीच्या वर्षांत लोक 'अहो देवासारखे भेटलात' म्हणून लगेच निघायचे. मग पार्सलचे, केवायसीचे, 'तुमच्या आधारवर गुन्हा दाखल झालाय' असे फोन घरोघरी यायला लागले आणि आमच्या खऱ्या फोनवरही लोक खेकसायला लागले. आगाराचं नाव सांगूनही विश्वास बसायचा नाही. त्यामुळे बोलण्याची पद्धत बदलावी लागली. ती इथे सांगतो.

अडचण फक्त सभ्यपणे बोलण्याची नाही, तुम्ही सभ्यच बोलला असाल. या एका फोनमध्ये एकमेकांच्या उलट अशी दोन कामं करायची असतात. समोरच्याला आपण खरे वाटावं म्हणून पाकिटाबद्दल काहीतरी सांगावं लागतं. आणि ते पाकीट खरंच त्याचं आहे हे आपल्याला कळावं म्हणून बरंच काही सांगायचं नसतं. बहुतेक लोक पहिलं काम करण्याच्या नादात सगळं सांगून टाकतात: "काळं पाकीट आहे, आठ हजार आहेत, अमुक बँकेचं कार्ड आहे." मग विचारायला काही उरतच नाही. किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन "तुमची एक वस्तू आमच्याकडे आहे, आधी तुमची माहिती सांगा" असं म्हणतात. हे वाक्य ऐकून मीसुद्धा फोन ठेवेन.

म्हणून फोन लावायच्या आधी कागद घेऊन बसा आणि पाकिटातल्या गोष्टींचे दोन भाग करा. एका बाजूला आपण सांगायच्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडून ऐकायच्या. सांगायच्या बाजूला माझ्याकडे तीनच गोष्टी असत: पाकीट आहे हे, कधी आणि साधारण कुठे मिळालं हे, आणि मालकाचं फक्त पहिलं नाव. बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. पाकिटाचा रंग, चेन आहे की बटण, आडनाव, बँक, कोणत्या कप्प्यात काय आहे, गाडी कुठून कुठे. रक्कमही त्याच बाजूला लिहायची, पण ती ओळख पटवायला फारशी उपयोगाची नाही, ते पुढे सांगतो.

रक्कम मोजताना एकट्याने मोजू नका. घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी समोर बसवा, पाचशेच्या किती, शंभरच्या किती, सुटे किती असं लिहा, तारीख-वेळ घाला आणि दोघांनी खाली सही करा. आगारात हे वहीत नोंदवलं जायचं, तुमच्याकडे साधा कागद पुरतो. कार्डांचे, आधारचे फोटो मात्र काढू नका आणि सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. आधारवरचा बारा आकडी क्रमांक एकदा ग्रुपवर गेला की तो परत घेता येत नाही. शिवाय ग्रुपवर पाकिटाचा फोटो टाकला की तुमच्या दुसऱ्या बाजूच्या निम्म्या गोष्टी जगजाहीर होतात.

आता नंबर कुणाचा, हा प्रश्न. चिठ्ठीवरचा नंबर मालकाचाच असेल असं धरून चालू नका. माणूस स्वतःचा नंबर स्वतःच्या पाकिटात क्वचितच लिहून ठेवतो. तो बायकोचा असतो, आईचा असतो, नाहीतर मुकादमाचा, डॉक्टरांच्या कंपाउंडरचा, नळदुरुस्तीवाल्याचा. तुमच्याशी बोललेल्या बाई घरातल्याच असतील असंही नाही. म्हणून पहिलं वाक्य असं हवं की फोन कुणीही उचलला तरी ते चालेल.

मी असं बोलायचो. आधारवर नाव संतोष आहे असं समजा.

"नमस्कार. मी पुण्याहून बोलतोय. काल संध्याकाळी एसटीत एक पाकीट सापडलंय, त्यात हा नंबर लिहिलेला होता. संतोष नावाचं कुणी तुमच्या ओळखीत आहे का? काळजीचं काही कारण नाही, अपघात वगैरे काही नाही, नुसतं सीटखाली पाकीट पडलं होतं."

एवढंच, आणि मग थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. घाबरलेला किंवा संशयाने ऐकणारा माणूस दोन-तीन सेकंद गप्प राहतो. ती जागा आपण बोलून भरली की फसवणारा बोलतो तसं वाटायला लागतं, कारण तेही समोरच्याला विचार करायला वेळ देत नाहीत.

या चार-पाच वाक्यांतली प्रत्येक गोष्ट कारणाने आहे. पाकीट हा शब्द लगेच येतो, म्हणजे 'एक वस्तू', 'तुमचं सामान' असला गूढपणा राहत नाही. "आपण कोण बोलताय?" असं मी कधीच विचारत नाही. फोन आपण केलाय, ओळख आपण द्यायची. "संतोष आहेत का?" असंही नाही, कारण वसुलीवाले तसंच विचारतात. "ओळखीत आहे का" म्हटलं की समोरच्याला हो-नाही दोन्ही सहज म्हणता येतं. आणि अपघात नाही हे सांगणं कधीही गाळू नका. आईला किंवा बायकोला अनोळखी माणसाचा फोन येतो आणि तो म्हणतो 'यांचं पाकीट माझ्याकडे आहे', तर तिच्या मनात पहिलं काय येईल? तुम्ही 'सापडलंय' म्हणण्याआधी तिच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर पडलेला माणूस उभा राहतो. मात्र "ते अगदी ठीक आहेत" असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही. पाकीट कसं मिळालं एवढंच तुम्हाला माहीत आहे, तेवढंच सांगा.

काही शब्द पहिल्या दोन मिनिटांत तोंडातून येऊच द्यायचे नाहीत: आधार, बँक, एटीएम, पोलीस, पार्सल, लिंक, ओटीपी. "मला ओटीपी नको" असंसुद्धा नाही. न विचारता तसं म्हटलं की उलट संशय वाढतो. त्यांनीच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तर सरळ सांगा: "काही नको. पाकीट ज्याचं आहे त्याला मिळावं एवढंच."

आणि त्यांनी "कशावरून खरं?" असं विचारलं तर वाद घालू नका, जास्त तपशील तर अजिबात देऊ नका. त्यांना स्वतः तपासता येईल अशी गोष्ट द्या. माझं वाक्य ठरलेलं असायचं: "बरोबर आहे तुमचं, विश्वास ठेवूच नका. मी फोन ठेवतो. संतोषना विचारून घ्या पाकीट हरवलंय का. हरवलं असेल तर आमच्या बसस्थानकाचा नंबर तुम्ही स्वतः शोधा आणि चौकशी खिडकीवर फोन करा, तिथे नोंद आहे." फोन आपण होऊन ठेवणारा फसवणारा नसतो, हे लोकांना बरोबर कळतं. तुमच्याकडे बसस्थानक नाही, पण पर्याय आहे, त्याकडे शेवटी येतो.

फोन मालकाऐवजी दुसऱ्या कुणी उचलला तर आणखी एक पथ्य आहे आणि ते पुष्कळ लोक पाळत नाहीत. पाकिटात काय आहे ते घरच्यांनाही सांगायचं नाही. कोणत्या थांब्यावर मिळालं तेही शक्यतो मोघमच. पाकिटात दवाखान्याची चिठ्ठी असते, गहाणाची पावती असते, घरी न सांगितलेल्या प्रवासाचं तिकीट असतं. ती माहिती देण्याचा अधिकार आपला नाही. त्यांना इतकंच म्हणायचं: "त्यांना माझा हा नंबर द्या आणि त्यांनाच फोन करायला सांगा. त्यांचा नंबर मला नको." या शेवटच्या वाक्याने फार फरक पडतो. आपण कुणाचाही नंबर मागत नाही म्हटल्यावर समोरचा आवाज लगेच मऊ होतो.

एक प्रसंग पूर्ण सांगतो, म्हणजे हे सगळं जागेवर कसं बसतं ते कळेल. संध्याकाळच्या गाडीत एका वाहकाला तपकिरी पाकीट सापडलं. चेन तुटलेली, तिच्या जागी सेफ्टी पिन. आत नोटा, एटीएम कार्ड, त्याच दिवसाचं तिकीट, लहान मुलीचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात कागदाच्या घडीत जोतिबाचा गुलाल. कार्डावर नाव होतं. नंबर एका चिठ्ठीवर, त्यापुढे 'घर' लिहिलेलं. फोन वयस्कर बाईंनी उचलला. मी वर लिहिलंय तसं बोललो.

त्या म्हणाल्या, "कोण तुम्ही? माझा मुलगा कुठाय?"

"काकू, मुलाबद्दल मला काही माहीत नाही. गाडीत पाकीट पडलेलं मिळालं, त्यात तुमचा नंबर होता. गाडी व्यवस्थित पोचलीय, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही त्यांना फोन करून विचारा, मी ठेवतो. मी बसस्थानकातूनच बोलतोय."

मी ठेवला. थोड्या वेळाने एका माणसाचा फोन आला, आवाजात धाप. "साहेब, माझं पाकीट! हो, माझंच आहे!"

इथे घाई करायची नाही. माणूस खरा असला तरी विचारायचं, आणि का विचारतोय ते सांगूनच विचारायचं, म्हणजे अपमान वाटत नाही. "दादा, पाकीट सुखरूप आहे. भलत्याच्या हातात जाऊ नये म्हणून दोन-तीन गोष्टी विचारतो, सावकाश आठवून सांगा. पाकीट दिसायला कसं आहे?"

"तपकिरी आहे... जुनं आहे. चेन गेलीय, पिन लावलीय."

"बरं. पैसे आणि कार्ड सोडून आत अजून काय काय असतं?"

"मुलीचा फोटो आहे. आणि... देवाचा गुलाल आहे बघा, पुडीत."

"आणि तिकीट कुठून कुठे होतं?"

त्याने सांगितलं, ते जुळलं. यात मी एकही प्रश्न हो-नाहीचा विचारला नाही हे लक्षात घ्या. "आत फोटो आहे का?" असं विचारलं की कुणीही हो म्हणेल, फोटो बहुतेकांच्या पाकिटात असतोच. "अजून काय असतं?" म्हटलं की मालकाच्या डोळ्यांसमोर कप्पे उघडतात. देवाचा अंगारा, जुनं नाणं, तुटलेली किल्ली, मुलाने काढलेलं चित्र, असल्या गोष्टी खरा माणूस लगेच सांगतो आणि मालक नसलेला माणूस कधीच सांगू शकत नाही.

पैशांचं मात्र उलट आहे. आपल्या पाकिटात नेमके किती रुपये होते हे बहुतेकांना माहीत नसतं. पाच-सहा हजार असतील असं म्हणतात आणि निघतात तीन. म्हणून रक्कम चुकली म्हणून माणूस खोटा ठरवू नका. मी रक्कम शेवटी विचारायचो आणि तीही साधारणच. आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर चालायचं. बाकी काहीच न आठवता फक्त रकमेवर जोर देणाऱ्याला मात्र थांबवून समोर बसवूनच बोलायचो.

त्या माणसाशी बोलताना मी पुढचं सांगितलं तेही इथे देतो, कारण फोन ठेवायच्या आधी हे व्हायला हवं. "कार्ड बंद करायचं असेल तर आत्ताच करा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. बँकेचा नंबर मात्र तुम्हीच तुमच्या पासबुकावर बघा." नुसतं टेकवून चालणारी कार्डं आता सर्रास आहेत आणि त्यांवर पाच हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, त्यामुळे मालकाला कार्ड बंद करावंसं वाटणं रास्त आहे. पण बँकेचा नंबर आपण द्यायचा नाही, कार्डाच्या मागे छापलेला असला तरी. फसवणारे नेमकं हेच करतात, खोटा मदत क्रमांक देतात. समोरच्याला हे ठाऊक असतं.

आणि पाकीट रिकामं मिळालं असेल तर ते फोनवरच सांगा. पाकीटमार नोटा काढून घेतात आणि पाकीट गाडीत, शौचालयाशेजारी, कुंपणापलीकडे टाकून देतात. अशी पाकिटं भरपूर यायची. तेव्हा वाक्य असं: "आधीच सांगतो, यात रोख रक्कम नाही. कागदपत्रं आहेत. तुम्हाला यायचं असेल तर त्या हिशेबाने या." माणूस तिकिटाचे पैसे उसने घेऊन येतो आणि मग रिकामं पाकीट बघतो, हे फार वाईट असतं, आणि मग राग तुमच्यावर निघतो.

रक्कम असतानाही कधीकधी समोर आल्यावर माणूस म्हणतो, "यात बारा हजार होते." तिथे तुमचा तो सही केलेला कागद कामाला येतो. आवाज न चढवता म्हणायचं: "मिळालं तेव्हा जेवढे होते तेवढे साक्षीदारासमोर मोजून लिहिलेत, हा कागद बघा. त्याआधीचं मला सांगता येणार नाही. तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी चौकीत येऊन हेच सांगेन." यापलीकडे एक वाक्यही जास्त बोलू नका. 'मी घेतले असते तर फोन कशाला केला असता' हे वाक्य तोंडावर येतं, पण त्याने भांडणच वाढतं.

कुणी फोन उचलतच नसेल, जसं तुमचं झालंय, तर पुन्हा पुन्हा फोन करू नका. चार-पाच मिस कॉल दिसले की लोक नंबर ब्लॉक करतात, शिवाय ज्या अॅपवर अनोळखी नंबर कुणाचा ते दिसतं तिथे 'स्पॅम' म्हणून नोंदवतात. मग तुमचा मेसेजही वाचला जाणार नाही. एक फोन, न उचलल्यास एक मेसेज, मग किमान तीन-चार तासांचं अंतर. वेळ सकाळी दहानंतर आणि रात्री आठच्या आत. मेसेज साधा एसएमएस पाठवा, कारण घरातल्या मोठ्या माणसांकडे साधे फोनही असतात. मजकूर असा असू द्या:

"नमस्कार. काल संध्याकाळी एसटीत एक पाकीट सापडले. त्यात हा नंबर लिहिलेला आहे. संतोष यांच्या ओळखीचे असाल तर त्यांना कृपया कळवा. पाकीट सुरक्षित आहे. मला कोणतीही माहिती किंवा पैसे नकोत. सवडीने फोन करा."

खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि भाग, उदाहरणार्थ 'कोथरूड, पुणे'. मेसेजमध्ये कुठलीही निळी लिंक नको, फोटो नको, उद्गारचिन्हं नकोत, 'तातडीचे' हा शब्द नको. इथे 'पैसे नकोत' लिहिलेलं चालतं, कारण फोनवर जे न विचारता बोललेलं खटकतं ते लेखी असलं की उलट धीर देतं. दुसऱ्याला दाखवून खात्री करून घेता येते. व्हॉट्सअॅप असेल तर हाच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. तुमच्या बोलण्याचा सूर, मागे कुकरची शिट्टी, मुलांचा आवाज, यातून माणूस घरातलाच आहे हे कळतं. समोरचं माणूस मराठी नसेल असं वाटलं तर पहिलं वाक्य हिंदीत: "नमस्ते, घबराइए मत, बस में एक बटुआ मिला है, उसमें आपका नंबर लिखा था." पुढचं त्यांच्या सोयीने.

मध्येच एक गोष्ट, कारण हाच प्रश्न लोक कुत्र्याच्या पट्ट्यावरच्या नंबराबद्दलही विचारतात, विशेषतः दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात तेव्हा. तिथे नियम उलटा. काही राखून ठेवायचं नाही. पाकीट जागचं हलत नाही, कुत्रं हलतं. पहिलंच वाक्य: "तुमचा कुत्रा सापडलाय, ठीक आहे, आत्ता अमुक चौकात माझ्यासमोर आहे." जखम असेल तर तेही लगेच. पट्ट्यावर नाव असेल तर नावानेच सांगा. ओळख नंतर पटवा: मालकाला फोन स्पीकरवर ठेवून हाक मारायला सांगा, किंवा त्याच्याकडचे जुने फोटो बघा. नंबर लागला नाही तर जवळच्या पशुवैद्याकडे न्या. कातडीखाली चिप बसवलेली असेल तर तिथल्या यंत्रावर तिचा क्रमांक वाचता येतो.

आता तुमचं. बाईंनी एकदा फोन कट केलाय, तेव्हा आज पुन्हा फोन नको. वरचा मेसेज पाठवा आणि मधल्या वेळात पाकीट घरात ठेवू नका. बसचा फेरा, वेळ आणि तुमचं तिकीट असेल तर ते घेऊन ज्या बसस्थानकावर उतरलात तिथल्या वाहतूक नियंत्रकाकडे जा. घडलं तसं सांगा, मोजलेला कागद दाखवा, तिथे मोजणी पुन्हा करून घ्या आणि जमा केल्याची लेखी पोच मागा. मालकाने शोध सुरू केला असेल तर तोही पहिल्यांदा तिथेच येणार आहे. ते जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात, तिथेही पोच घेऊन. मग दुसरा मेसेज एका ओळीचा: "पाकीट अमुक बसस्थानकाच्या चौकशी कक्षात जमा केले आहे, ओळखपत्र दाखवून घेऊन जाता येईल." मघाशी म्हटलं तो पर्याय हाच. समोरच्याला तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. आधार पाकिटातच असल्याने चेहरा जुळवता येतो आणि दुसरं कुठलंही ओळखपत्र चालतं.

हे कायद्यालाही धरून आहे. सापडलेली वस्तू मालकाला परत करण्यासाठी उचलली तर तो गुन्हा नाही. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती स्वतःसाठी वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा होऊ शकतो. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 71 सांगतं की सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर, दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूइतकीच जबाबदारी असते. म्हणून पाकीट आठवडाभर कपाटात पडू देऊ नका. मेसेज आणि फोनच्या वेळा दिसतील असे तुमच्या फोनवरच राहू द्या, पुसू नका.

आणि मालक थेट तुम्हालाच भेटायला तयार झाला तर भेट दिवसा, लोकांच्या वर्दळीत, बसस्थानक किंवा चौकीजवळ. बरोबर कुणालातरी न्या. पाकीट त्याच्यासमोर उघडा, त्यालाच मोजू द्या आणि एका कागदावर "माझे पाकीट, रोख रुपये अमुक, कार्ड व कागदपत्रांसह मिळाले" असं त्याच्या हाताने लिहून, तारीख घालून सही घ्या. तो स्वतः न येता भावाला किंवा मित्राला पाठवतो म्हणाला तर भेटीच्या जागेवरून चिठ्ठीवरच्या नंबरावर फोन लावा आणि आलेल्या माणसाचं नाव तिकडून वदवून घ्या, मगच पाकीट द्या.